पासवर्डची लांबी, सक्तीची चिन्हे आणि ९० दिवसांची मुदत

प्रश्न: आमच्या संस्थेत विंडोज डोमेन आहे. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा, त्यात कॅपिटल, स्मॉल, आकडा आणि चिन्ह सक्तीचे, आणि दर ९० दिवसांनी बदल, असा नियम आहे. हे सगळे आता कालबाह्य झाले असे वाचले. लांबी वाढवून बाकीचे नियम काढून टाकावेत का? ऑडिटरला आणि वरिष्ठांना काय सांगू?

उत्तर: होय, काढून टाकावेत, मात्र कोणत्या क्रमाने काढता याला फार महत्त्व आहे. किमान लांबी १५ करा, गळती झालेल्या आणि सहज सुचणाऱ्या पासवर्डांना नकार देणारी यादी लावा, त्याबरोबर चिन्हांची सक्ती काढा, आणि लांबी व यादी सर्वांच्या पासवर्डांना प्रत्यक्ष लागू झाल्याची खात्री पटल्यावरच ९० दिवसांची मुदत रद्द करा. हाच क्रम उलटा केला तर आजचे कमकुवत पासवर्ड कायमचे घर करून बसतील. त्याचे कारण पुढे येईलच. आधी जुना नियम कोणत्या गणितावर उभा होता ते पाहू, कारण वरिष्ठांना पटवून देण्यासाठी तेच गणित सर्वांत उपयोगी पडते.

पासवर्डला मुदत असावी ही कल्पना अविचारातून आलेली नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये पासवर्ड व्यवस्थापनाची एक मार्गदर्शिका काढली होती, आणि तिच्यात पासवर्ड ओळखला जाण्याची शक्यता मोजण्याचे एक साधे सूत्र होते:

```
P = (L × R) / S
```

यात `L` म्हणजे पासवर्ड किती काळ वापरात राहतो तो काळ, `R` म्हणजे ठरावीक काळात हल्लेखोर किती प्रयत्न करू शकतो तो वेग, आणि `S` म्हणजे एकूण किती वेगवेगळे पासवर्ड संभवतात ती संख्या. वापराचा काळ कमी केला की शक्यता कमी होते, हे सूत्रातच दिसते, आणि मुदतीचा नियम त्याला धरून आहे. परंतु याच सूत्रात आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. काळ हा नुसता गुणक आहे, तर लांबी ही `S` मध्ये घातांक म्हणून येते. मुदत ३६० दिवसांवरून ९० दिवसांवर आणली तर शक्यता चौपटीने घटते. त्याऐवजी यादृच्छिक निवडलेल्या पासवर्डात केवळ एक स्मॉल अक्षर वाढवले, तर ती २६ पटीने घटते. म्हणजे दर तीन महिन्यांनी सगळ्या संस्थेला पासवर्ड बदलायला लावून जे मिळते, ते अर्धे अक्षर वाढवण्याइतकेही नाही.

आता हल्लेखोराच्या बाजूने विचार करा. त्याने डोमेन कंट्रोलरवरून पासवर्डांचे हॅश, म्हणजे मूळ पासवर्डाऐवजी साठवलेली त्यांची गणिती रूपे, पळवले आहेत आणि तो स्वतःच्या यंत्रावर ते फोडतो आहे, असे समजू. आपला पासवर्ड त्याच्या यंत्राला काही तासांत सापडण्याजोगा असेल, तर ९० दिवसांची मुदत निरुपयोगी आहे, कारण मुदत संपण्याच्या कितीतरी आधी त्याचे काम झालेले असेल. पासवर्ड फोडायला हजारो वर्षे लागणार असतील, तरीही मुदत निरुपयोगीच आहे, कारण तिची गरजच उरत नाही. मुदतीचा खरा उपयोग फक्त मधल्या एका अरुंद पट्ट्यात होतो: ज्यांना फोडायला ९० दिवसांहून जास्त पण साधारण वर्षभराहून कमी वेळ लागेल असे पासवर्ड. हा पट्टा केवळ चौपटीचा आहे, म्हणजे पुन्हा अर्ध्या अक्षराहून कमी रुंदीचा. आपल्या कर्मचाऱ्यांपैकी नेमक्या या पट्ट्यात पासवर्ड पडणारे लोक जवळपास नसतातच. वरिष्ठांसमोर मी नेहमी हाच मुद्दा सर्वप्रथम मांडतो, कारण तो मते आणि सवयी यांच्या पलीकडचा आहे.

पासवर्ड फोडण्यातून नव्हे तर फसव्या ईमेलमधून किंवा दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून चोरीला गेला असेल, तर? अशा वेळी मुदत उपयोगी पडते असा युक्तिवाद ऑडिटर हमखास करतात. ९० दिवसांच्या चक्रात चोरी कोणत्याही दिवशी होऊ शकते, म्हणून चोरलेला पासवर्ड सरासरी आणखी ४५ दिवस चालत राहतो. चोराला लागतो तो एक दिवस, बहुधा काही तास. तेवढ्यात तो मेलबॉक्समध्ये मेल परस्पर पुढे पाठवणारा नियम लावतो, दुसरे एखादे खाते ताब्यात घेतो किंवा एखाद्या यंत्रावर पुन्हा आत येण्याची वाट तयार करून ठेवतो. त्यानंतर मूळ पासवर्ड बदलला काय आणि न बदलला काय, त्याला फरक पडत नाही.

एवढे झाले सूत्रापुरते. त्या सूत्रात एक गृहीत मात्र दडलेले आहे: पासवर्ड सर्व संभाव्य पासवर्डांमधून समान संधीने, म्हणजे यंत्राने किंवा फाशांनी निवडावा तसा, निवडलेला आहे. माणूस पासवर्ड तसा निवडत नाही, आणि सक्तीच्या चिन्हांचा नियम नेमका इथे कोसळतो.

कागदावर हा नियम भक्कम दिसतो. कळफलकावर स्पेस धरून ९५ छापील अक्षरे आहेत, आणि त्यांतून बनणारे ८ अक्षरी पासवर्ड सुमारे ६६ लाख अब्ज आहेत. परंतु "एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह हवे" असे सांगितल्यावर माणसे काय करतात हे मोठमोठ्या गळत्यांमधून जगजाहीर झाले आहे. कॅपिटल अक्षर पहिले येते, मध्ये एक ओळखीचा शब्द येतो, शेवटी आकडा येतो आणि आकड्यानंतर किंवा आधी चिन्ह येते. `Purple7!` हा पासवर्ड आपला नियम पूर्णपणे पाळतो. हॅश फोडण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या `hashcat` या साधनात ही मांडणी एका ओळीत लिहिता येते:

```
?u?l?l?l?l?l?d?s
```

एक कॅपिटल, पाच स्मॉल, एक आकडा, एक चिन्ह. या साच्यात बसणारे सगळे पासवर्ड मोजले, म्हणजे शब्दकोशातले असोत वा नसोत, तर ते सुमारे १०२ अब्ज भरतात. म्हणजे हल्लेखोराचे शोधक्षेत्र एका झटक्यात सुमारे ६५,००० पटीने आक्रसले, आणि ते आपल्याच नियमाने आक्रसले. विंडोज डोमेनमध्ये पासवर्डचा जो हॅश साठवलेला असतो तो अतिशय जलद मोजता येणारा आहे. २०२२ मध्ये बाजारात आलेले घरगुती वापराचे एक उच्च श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड असे सेकंदाला सुमारे ३०० अब्ज हॅश तपासू शकते. त्या वेगाने हा साचा सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात संपतो. याच आकाराचे आणखी १०० साचे तपासायचे ठरवले तरी अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पूर्णपणे यादृच्छिक ८ अक्षरेही तेच कार्ड साधारण ६ तासांत संपवते. तेव्हा ८ अक्षरांच्या बाबतीत चिन्हे घालावीत की न घालावीत हा वादच व्यर्थ आहे. त्या लांबीला कोणतेही चिन्ह वाचवू शकत नाही.

आता लांबी पाहू. फक्त स्मॉल अक्षरे, एकही आकडा नाही, एकही चिन्ह नाही, पण यादृच्छिक निवडलेली १६ अक्षरे घेतली, तर त्याच कार्डाला सगळ्या शक्यता संपवायला सुमारे ४,६०० वर्षे लागतील. हल्लेखोराने १०० कार्डे जोडली तरी ४६ वर्षे. मोबाइलवर टंकताना कळफलक दोन-तीनदा पालटून चिन्ह शोधण्यापेक्षा ही अक्षरे सलग टंकणे सोपेही जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच आढळले होते: केवळ "किमान १६ अक्षरे" एवढीच अट घातलेल्या लोकांचे पासवर्ड हे चारही प्रकारांची सक्ती असलेल्या ८ अक्षरी पासवर्डांपेक्षा ओळखायला अधिक अवघड होते, आणि वापरणाऱ्यांना त्यांचा त्रासही कमी झाला.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लांबी म्हणजे जादू नव्हे. `passwordpassword` हा १६ अक्षरांचा आहे आणि तो पहिल्याच फेरीत सापडेल. प्रसिद्ध गाण्याची ओळ, म्हण, श्लोकाचा चरण, कळफलकावरची एक रांग दोनदा, हे सगळे फोडणाऱ्यांच्या याद्यांमध्ये असते किंवा सहज घालता येते. चार शब्द एकत्र करून पासवर्ड बनवा हा सल्ला लोकप्रिय आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. ज्या याद्या यासाठी वापरतात त्यांत ७,७७६ शब्द असतात, कारण पाच फासे एकदा टाकले की एवढ्याच शक्यता निर्माण होतात. अशा यादीतून फाशांनी निवडलेल्या चार शब्दांच्या शक्यता ८ यादृच्छिक अक्षरांपेक्षाही कमी भरतात, आणि वर सांगितलेले कार्ड त्या साडेतीन तासांच्या आत संपवते. पाच शब्दांना सुमारे ३ वर्षे लागतात, आणि सहा शब्दांना २३,००० वर्षे. म्हणून विंडोज डोमेनच्या लॉगिनसाठी मी सहा शब्द सुचवतो, आणि प्रशासकांच्या खात्यांसाठी त्याहून कमी मान्य करत नाही. जिथे `bcrypt` सारखी मुद्दाम मंद ठेवलेली पद्धत वापरलेली आहे, तिथे तेच कार्ड सेकंदाला फार तर काही हजार प्रयत्न करू शकते, आणि मग चार यादृच्छिक शब्दही हजारो वर्षे पुरतात.

शब्द स्वतःच्या मनाने निवडू नयेत, एवढे कर्मचाऱ्यांना आवर्जून सांगा. मनाने निवडलेले चार शब्द बहुधा एकमेकांशी संबंधित असतात आणि नेहमीच्या वापरातल्या काही शेकडो शब्दांतून आलेले असतात. यादी गुप्त असण्याची गरज नाही. बळ येते ते निवडीच्या यादृच्छिकतेतून. ती मराठी शब्दांची, रोमन लिपीत लिहिलेली असली तरी चालते, फक्त प्रत्येक शब्दाचे रोमन लेखन यादीत एकदाच ठरलेले असावे, नाही तर `aa` लिहिले होते की `a`, यातच लोक अडकतात.

मुदतीमुळे माणसांचे वर्तन कसे बिघडते, हा पुढचा भाग. दर ९० दिवसांनी नवा पासवर्ड मागितला की लोक नवा पासवर्ड घडवत नाहीत, जुन्याची डागडुजी करतात. `Purple7!` चा `Purple8!` होतो, पुढच्या तिमाहीत `Purple9!`, आणि आकडे संपले की चिन्ह सरकते. जुने पाच पासवर्ड लक्षात ठेवण्याचा नियम असला तरी यातला प्रत्येक पासवर्ड त्यातून पार होतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये याचे थेट मोजमाप केले. त्यांच्याकडे ७,७०० हून अधिक बंद झालेल्या खात्यांचा पासवर्डांचा इतिहास होता, आणि त्या खातेदारांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. त्यांनी असा प्रश्न विचारला की जुना पासवर्ड माहीत असेल तर त्यावरून पुढचा ओळखता येतो का. सुमारे १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचाहून कमी प्रयत्नांत मिळाला, म्हणजे लॉगिनच्या पडद्यावर, खाते कुलूपबंद होण्याच्या आत. हॅश हाती असेल तर ४१ टक्के पासवर्ड प्रत्येकी ३ सेकंदांच्या आत सापडले. ज्या चोरापासून मुदत वाचवणार होती, त्याच चोराला तिने पुढच्या पासवर्डाचा मार्ग दाखवला, असा याचा अर्थ होतो.

याहून मोठा तोटा मोजमापात येत नाही. मुदत आहे हे ठाऊक असलेला माणूस मुळातच स्वस्तातला पासवर्ड निवडतो, कारण तीन महिन्यांत फेकून द्यायच्या गोष्टीसाठी सहा शब्द कोण पाठ करील? लांब पासवर्डची अट आणि ९० दिवसांची मुदत एकत्र ठेवाल, तर लोक लांबीसुद्धा डागडुजीनेच भरून काढतील: तोच शब्द दोनदा आणि शेवटी महिन्याचे नाव. म्हणून हे दोन बदल परस्परांशी जोडलेले आहेत; एक करून दुसरा सोडून देता येत नाही.

हे सगळे आता अधिकृत मानकांतही आलेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेच्या परिशिष्टातून चिन्हांचे आणि मुदतीचे नियम जगभर पसरले. ते परिशिष्ट लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने आपल्या मार्गदर्शिकेत, म्हणजे `SP 800-63B` मध्ये, हे नियम लावू नयेत असे सुचवले, आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत त्याचे बंधनात रूपांतर केले: रचनेची सक्ती करायची नाही, ठरावीक काळाने बदलही मागायचा नाही, मात्र पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला तर बदल सक्तीने करवून घ्यायचा. पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तर किमान १५ अक्षरे, मोबाइलवरील कोडासारख्या दुसऱ्या घटकाची जोड असेल तर किमान ८, आणि किमान ६४ अक्षरांपर्यंत लांबी स्वीकारावी अशी शिफारस. ब्रिटनचे राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र मुदतीच्या सक्तीविरुद्ध आधीपासूनच सांगत आले आहे, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा मांडणीतून मुदतीची अट वगळली. ऑडिटरला हे संदर्भ द्या, पण वरचे गणित आधी द्या.

काढून टाकलेल्या नियमांच्या जागी काय यायला हवे, यावर मी सर्वांत जास्त भर देतो. लॉगिनच्या पडद्यावरून होणारा हल्ला वेगळ्या प्रकारचा असतो. तिथे हल्लेखोर एका खात्यावर अब्जावधी प्रयत्न करू शकत नाही, म्हणून तो उलटे करतो: एकच अतिशय प्रचलित पासवर्ड घेऊन तो संस्थेतील प्रत्येक खात्यावर एकदा लावून पाहतो, मग दुसऱ्या दिवशी दुसरा. कोणतेही खाते कुलूपबंद होत नाही आणि कोणाच्या लक्षात येत नाही. याच्यावर उपाय लांबीचा नाही, नकाराच्या यादीचा आहे. त्या यादीत गळती झालेले पासवर्ड हवेत, आणि संस्थेचे नाव, उत्पादनांची नावे, शहर, ऋतू, वर्ष यांपासून बनणारे पासवर्डही हवेत. गळतीतल्या पासवर्डांसाठी `Have I Been Pwned` ची सेवा वापरता येते, आणि तिच्यात पासवर्ड बाहेर पाठवावा लागत नाही. पासवर्डचा `SHA-1` हॅश काढायचा, त्याच्या ४० पैकी पहिली ५ अक्षरेच पाठवायची, त्या ५ अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व हॅशांचा उरलेला भाग परत येतो, आणि जुळणी आपल्याच यंत्रावर करायची. विंडोज डोमेनसोबत अशी यादी मुळात येत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या `Entra Password Protection` ने किंवा तत्सम पासवर्ड फिल्टरने जोडावी लागते. नवा पासवर्ड ठेवताना ही तपासणी होते. सध्याचे पासवर्ड तपासायचे असतील तर डोमेनमधील हॅश गळतीच्या डाउनलोड केलेल्या यादीशी जुळवून पाहता येतात, परंतु हे काम लेखी परवानगीने, नेटवर्कपासून तोडलेल्या यंत्रावर आणि नंतर सर्व प्रती नष्ट करूनच करावे.

नाकारताना कारण सांगा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. "पासवर्ड नियमांत बसत नाही" एवढाच संदेश आला की माणूस शेवटी एक उद्गारचिन्ह जोडून पुन्हा प्रयत्न करतो, आणि आपण जिथून निघालो तिथेच येतो. "हा पासवर्ड पूर्वी झालेल्या गळतीत सापडला आहे, पूर्णपणे वेगळा निवडा" असे वाचल्यावर बहुतेक जण खरोखर वेगळा निवडतात. विंडोजचा नेहमीचा संदेश बदलणे कठीण असते, म्हणून निदान हेल्पडेस्कला हे वाक्य ठाऊक असू द्या.

लांबी १५ करताना एक जुनी अडचण भेटते. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीमध्ये किमान लांबीचा आकडा पूर्वीपासून १४ वर अडकलेला आहे. त्याच्या पुढे जाण्यासाठी एकतर गटनिहाय स्वतंत्र पासवर्ड धोरण, म्हणजे `Fine-Grained Password Policy`, वापरावे लागते किंवा नव्या आवृत्त्यांतील `Relax minimum password length limits` ही सोय चालू करावी लागते. दुसरी अडचण डोमेनला जोडलेल्या इतर प्रणालींची असते. एखादे जुने वेब अॅप्लिकेशन पासवर्डची फक्त पहिली काही अक्षरे घेते आणि उरलेली काहीही न सांगता गाळते. `bcrypt` सुद्धा ७२ बाइटांच्या पुढचे पाहत नाही. इंग्रजी अक्षरांना हे पुरते, पण देवनागरीतील प्रत्येक घटक ३ बाइट घेतो, म्हणून तिथे ती मर्यादा २४ घटकांवर येते, आणि काना-मात्रा-हलन्त हे वेगळे घटक धरले जातात. तपासण्याची रीत सोपी आहे: चाचणी खात्याला भरपूर लांब पासवर्ड द्या, मग शेवटची अक्षरे बदलून लॉगिन करून पाहा. लॉगिन झाले तर तिथे छाटणी होते आहे.

आता क्रमाकडे येतो. डोमेनमध्ये किमान लांबी वाढवली की त्याच क्षणी कोणाचाही जुना पासवर्ड बाद होत नाही; नवा नियम पुढच्या बदलाच्या वेळी लागू होतो. म्हणून आज लांबी १५ केली आणि आजच मुदतही काढली, तर ज्यांचा पासवर्ड `Purple7!` आहे त्यांना तो बदलण्याचे कारणच उरणार नाही. योग्य क्रम असा, की आधी नकाराची यादी आणि १५ ची लांबी लागू करा, मुदत आणखी एका ९० दिवसांच्या चक्रापुरती तशीच चालू ठेवा, आणि हा शेवटचा सक्तीचा बदल आहे हे सर्वांना स्पष्ट कळवा. हे कळवणे केवळ सौजन्य नाही. पुढे बदलावा लागणार नाही हे कळल्यावरच लोक मन लावून सहा शब्द पाठ करायला तयार होतात. याच काळात पासवर्ड मॅनेजर द्या आणि लॉगिनच्या अर्जांत पासवर्ड चिकटवण्यावर बंदी असेल तर ती काढा. चिन्हांची सक्ती मात्र लांबीबरोबर त्याच दिवशी काढायला हरकत नाही, कारण १५ अक्षरे आणि यादी मिळून तिची जागा घेतात.

चक्र संपल्यावर मुदत रद्द करण्याआधी जुन्या नियमाखालचे पासवर्ड उरलेत का ते पाहा. खालील आज्ञेत नवा नियम लागू केल्याची तारीख घाला:

```
Get-ADUser -Filter * -Properties PasswordLastSet, PasswordNeverExpires |
  Where-Object { $_.PasswordLastSet -lt [datetime]'2025-06-01' } |
  Select-Object SamAccountName, PasswordLastSet, PasswordNeverExpires
```

मुदत गेल्यानंतर बदल केव्हा मागायचा, हे लिहून ठेवा, कारण ऑडिटरला पर्यायी नियम दाखवावा लागतो. फसव्या दुव्यावर पासवर्ड भरल्याचे कळले, यंत्रावर पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर सापडले, पासवर्ड नव्या गळतीत आढळला, अनोळखी ठिकाणाहून यशस्वी लॉगिन झाले, किंवा सामायिक खाते माहीत असलेला माणूस संस्था सोडून गेला, तर त्याच दिवशी बदल आणि चालू असलेली सर्व सत्रे बंद. केवळ पासवर्ड बदलला आणि सत्रे तशीच राहिली, तर चोर आतच राहतो. आपण कार्डांचे व्यवहार हाताळत असाल तर पेमेंट कार्ड उद्योगाच्या मानकाची चौथी आवृत्ती पाहा: तिच्यात ९० दिवसांची अट पासवर्ड हा एकमेव घटक असेल तेव्हाच येते, आणि तेव्हाही खात्याच्या सुरक्षिततेचे सतत विश्लेषण हा पर्याय दिलेला आहे. दुसरा घटक जोडणे हा त्यातून सुटण्याचा सरळ मार्ग आहे, आणि तो तसाही जोडायलाच हवा.

वरच्या आज्ञेच्या उत्तरात शेवटच्या रकान्यात `True` असलेली खाती दिसतील, आणि ती आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त असतील. ही मुदतीतून पूर्वीच सूट दिलेली खाती आहेत, म्हणजे बहुधा वरिष्ठांची आणि बॅकअप, डेटाबेस, छपाई यांसारख्या सेवांची. त्यांच्यापर्यंत नवा नियम आपोआप कधीच पोहोचणार नाही. वरिष्ठांच्या खात्यांना हाताने बदल मागा. सेवांचे पासवर्ड माणसाला टंकायचे नसतात, म्हणून ते यंत्राकडून यादृच्छिक आणि ३० किंवा अधिक अक्षरांचे तयार करून घ्या, अथवा जिथे शक्य असेल तिथे डोमेननेच पासवर्ड सांभाळावा अशा `gMSA` खात्यांवर ती सेवा हलवा. विंडोज डोमेनमध्ये सेवा खात्यांविरुद्धचा हल्ला कोणताही साधा कर्मचारी-लॉगिन हाती असलेला माणूस करू शकतो, त्याला हॅश पळवावेही लागत नाहीत. म्हणून या यादीवर काम आधी सुरू करा.